कर्व्ह एकमेकांना शिवत नाहीत, तरी मेन एमसीसीबी का पडतो?

प्रश्न: सर, कुपवाड एमआयडीसीत आमचे बेदाण्याचे कोल्ड स्टोअरेज आहे. ५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, मेन पॅनेलमध्ये २५० अँपिअरचा थर्मल मॅग्नेटिक एमसीसीबी, तिथून १२० स्क्वेअरची अॅल्युमिनियम केबल ८० मीटरवर सब पॅनेलला. सब पॅनेलमधल्या सी कर्व्हच्या ६३ अँपिअर एमसीबीवर फॅन आणि डिफ्रॉस्ट हीटर आहेत. हीटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये पाणी जाऊन शॉर्ट झाला, तेव्हा एमसीबीबरोबर २५० चा एमसीसीबीही पडला आणि सगळ्या चेंबर बंद. नंतर २५० केव्हीएच्या जनरेटरवर वायरमनने एमसीबी वर केला तर एकटा एमसीबीच पडला. कन्सल्टंटने दिलेल्या आलेखात दोन्ही कर्व्ह स्वच्छ वेगळे आहेत. मग चूक कुठे? पॅनेलवाला म्हणतो फ्यूज लावा. लावू का?

उत्तर:

कन्सल्टंटचा आलेख बहुधा बरोबरच आहे. तो ज्या प्रश्नाचे उत्तर देतो तो प्रश्न मात्र तुमचा नाही. किती करंटला ब्रेकर किती वेळात पडतो ते दाखवणारी रेषा म्हणजे टाइम-करंट कर्व्ह. ओव्हरलोड झाला किंवा लहानसा फॉल्ट आला तर आधी कोण पडेल, हे तो नीट सांगतो. तुमच्याकडे झाला तो मोठा शॉर्ट सर्किट, आणि त्यात एमसीबीने काही मिलिसेकंदांत काम संपवले. आलेखाची खालची कड बहुतेक वेळा ०.०१ सेकंदावर, म्हणजे अर्ध्या सायकलवर संपते. तुमची सगळी घटना त्या कडेच्या खाली घडली. तिथे दोन रेषांमधले अंतर बघून काही ठरवता येत नाही.

या उत्तराला लागणारा पुरावा तुमच्याच प्रश्नात आहे: जनरेटरवर मेन टिकला आणि महावितरणच्या लाइटवर पडला. त्याच धाग्याने जाऊ. आधी सांगतो, खालचे आकडे मी तुमच्या वर्णनावरून आणि नेहमीच्या किमती धरून काढले आहेत. ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटवरचा इम्पीडन्स, केबलची खरी लांबी आणि ब्रेकरची मेक कळली की ते थोडे इकडेतिकडे होतील.

५०० केव्हीए, ४३३ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचा फुल लोड करंट ६६७ अँपिअर. इम्पीडन्स ४.५ टक्के धरला तर मेन पॅनेलच्या बसबारवर फॉल्ट करंट साधारण १४.८ किलोअँपिअर येतो. ओहममध्ये सांगायचे तर ट्रान्सफॉर्मर प्रत्येक फेजला १७ मिलिओहम, आणि त्यातला बहुतेक भाग रिअॅक्टन्स. आता तुमची ८० मीटर केबल घ्या. १२० स्क्वेअर अॅल्युमिनियमचा रेझिस्टन्स किलोमीटरला ०.२५३ ओहम, म्हणजे ८० मीटरला २० मिलिओहम, आणि रिअॅक्टन्स सुमारे ६ मिलिओहम. दोन्ही मिळून ३३ मिलिओहमच्या आसपास होतात आणि सब पॅनेलवरचा फॉल्ट करंट ७.६ किलोअँपिअरवर येतो. पुढे हीटरच्या बॉक्सपर्यंत २५ स्क्वेअरची अॅल्युमिनियम केबल २५ मीटर आहे असे धरले, तर बॉक्समध्ये सुमारे ४.२ किलोअँपिअर उरतात.

हेच गणित जनरेटरवर करू. २५० केव्हीएच्या आल्टरनेटरचा सबट्रान्झियंट रिअॅक्टन्स १५ टक्के धरला तर तो एकटाच १०३ मिलिओहम होतो. केबल मिळवल्यावर हीटरच्या बॉक्समध्ये फॉल्ट करंट जेमतेम २ किलोअँपिअर.

आता तुमचा २५० चा एमसीसीबी. त्याचे मॅग्नेटिक सेटिंग, म्हणजे ज्या करंटला आतला मॅग्नेट ब्रेकर लगेच पाडतो तो आकडा, १० पट असेल तर २५०० अँपिअर. पण यावर वीस टक्के टॉलरन्स असतो, म्हणजे तो २००० ला सुटला काय किंवा ३००० ला, दोन्ही नियमातच. जनरेटरवरचा फॉल्ट या पट्ट्याच्या खालच्या टोकाशी राहिला, म्हणून मॅग्नेट जागचा हलला नाही आणि एमसीबीला एकट्याला काम करता आले. ट्रान्सफॉर्मरवरचा ४.२ किलोअँपिअरचा फॉल्ट पट्टा ओलांडून गेला आणि दोन्ही मॅग्नेट एकाच वेळी ओढले गेले. यातून आणखी एक गोष्ट निघते. या सेटिंगचा तुमचा नॉब ५ पटीवर असता तर पट्टा १००० ते १५०० झाला असता आणि जनरेटरवरही मेन पडण्याची दाट शक्यता होती. तेव्हा नॉब बहुधा वरच आहे. तरी पॅनेल उघडून डोळ्यांनी बघा, कारण पुष्कळ पॅनेल कारखान्यातून नॉब खाली असतानाच साइटवर येतात आणि कागदावरचा कर्व्ह मात्र १० पटीवर काढलेला असतो.

नॉब बघतानाच आणखी दोन गोष्टी तपासा. त्या फीडरवर अर्थ लीकेज रिले किंवा अर्थकडे गळणारा करंट ओळखणारी सीबीसीटी बसवलेली आहे का? असेल तर मेन पडण्याचे कारण तेच असू शकते आणि मग ही सगळी चर्चा बाजूला राहते, कारण ओलाव्याचा फॉल्ट आधी अर्थकडेच जातो. दुसरे म्हणजे, मेन पडल्यावर लगेच रीसेट झाला का? थर्मलवर पडलेला ब्रेकर गरम असेपर्यंत लॅच धरायला कुरकुर करतो, मॅग्नेटिकवर पडलेला लगेच धरतो. आणि वायरमनला सांगा की फॉल्ट कुठे आहे ते न शोधता, मेगरने इन्सुलेशन न तपासता एमसीबी पुन्हा वर करायचा नाही. जनरेटरवर निभावले ते करंट कमी होता म्हणून.

आता मुख्य मुद्दा. ४ किंवा ७ किलोअँपिअरला दोन्ही मॅग्नेट ओढले जाणार असतील, तर वरचा ब्रेकर कधीच टिकणार नाही का? तसे नाही. एमसीबीचे कॉन्टॅक्ट उघडले की आर्क तयार होतो, तो आर्क शूटमध्ये ढकलला जातो, त्याचे व्होल्टेज वाढते आणि करंट त्याच्या नैसर्गिक शिखरापर्यंत पोचण्याआधीच दाबला जातो. त्यामुळे वरच्या ब्रेकरला ७.६ किलोअँपिअरची पूर्ण लाट दिसतच नाही. त्याला दिसतो एक लहान, अरुंद धक्का. हा धक्का किती उंच आहे त्याला लेट-थ्रू पीक म्हणतात. त्यातून किती ऊर्जा पुढे गेली ते I²t सांगतो, म्हणजे करंटच्या वर्गाची त्या वेळेवरची बेरीज. त्याचे एकक अँपिअर वर्ग सेकंद.

वरच्या एमसीसीबीचा आर्मेचर ओढला जाऊन लॅच सुटेपर्यंत थोडे अंतर कापतो. धक्का पुरेसा उंच असला पण फार लवकर संपला, तर आर्मेचर थोडा हलून परत जागेवर येतो आणि ब्रेकर टिकतो. तुमच्या बाबतीत २००० अँपिअर आरएमएस म्हणजे शिखराला सुमारे २८०० अँपिअर. ६३ चा एमसीबी ७.६ किलोअँपिअरच्या फॉल्टमध्ये यापेक्षा नक्कीच मोठे शिखर पुढे जाऊ देतो. तेव्हा मॅग्नेट ओढला जाणार हे ठरलेलेच आहे. तो लॅचपर्यंत पोचेल की मधूनच परत येईल, हे तुम्ही किंवा मी दोन कर्व्ह शेजारी ठेवून सांगू शकत नाही. फॉल्ट सायकलच्या कोणत्या क्षणी सुरू झाला, यावरही ते अवलंबून असते. म्हणून उत्पादक ब्रेकरच्या जोड्या टेस्ट करतात आणि सिलेक्टिव्हिटी टेबल छापतात. सिलेक्टिव्हिटी म्हणजे फॉल्टजवळचा ब्रेकर एकटा पडणे आणि वरचा टिकणे. आयएस/आयईसी ६०९४७-२ च्या परिशिष्ट ए मध्ये अशा जोड्यांचाच विचार केलेला आहे.

टेबल असे वाचायचे: वरच्या ओळीत एमसीसीबी, बाजूच्या रकान्यात एमसीबी, आणि दोघांच्या छेदावर एक आकडा किंवा टी हे अक्षर. टी म्हणजे खालच्या ब्रेकरच्या पूर्ण ब्रेकिंग कपॅसिटीपर्यंत सिलेक्टिव्हिटी आहे. आकडा असेल तर तेवढ्या किलोअँपिअरपर्यंतच. तुमच्या चौकटीत ३ किलोअँपिअर असेल तर जे झाले ते होणारच होते. १० असेल तर तुमच्या ७.६ ला ते पुरते, आणि मग दोष सेटिंगमध्ये, अर्थ लीकेजमध्ये किंवा वरच्या ब्रेकरच्या लॅचमध्ये शोधावा लागेल. हे टेबल एकाच उत्पादकाच्या जोडीला लागू पडते. वर एका मेकचा आणि खाली दुसऱ्या मेकचा ब्रेकर असेल, तर टेस्ट केलेला आकडा कोणाकडेच नसतो. अशा वेळी मी वरच्या मॅग्नेटिक सेटिंगचे ऐंशी टक्के, म्हणजे तुमच्याकडे २००० अँपिअर, हीच सिलेक्टिव्हिटीची मर्यादा धरतो आणि त्यापुढचे काहीही गृहीत धरत नाही.

याच कॅटलॉगमध्ये शेजारी कॅस्केडिंगचे टेबल असते, आणि दोन्ही टेबलांची गल्लत मी पुष्कळदा पाहतो. कॅस्केडिंग म्हणजे खालचा ब्रेकर त्याच्या कुवतीबाहेरच्या फॉल्टमध्ये असताना वरच्याने मदतीला येऊन तोही उघडणे. म्हणजे तिथे दोघांनी पडणे हाच हेतू. तुमच्या एमसीबीवर चौकटीत ६००० लिहिले आहे की १००००? सब पॅनेलवर ७.६ किलोअँपिअर येतात. ६००० वाला असेल तर सब पॅनेलजवळच्या फॉल्टमध्ये तो एकटा सुरक्षितपणे करंट तोडू शकत नाही, त्याला वरच्याची मदत लागतेच. अशा एमसीबीसाठी सिलेक्टिव्हिटी मागण्यात अर्थ नाही. आधी १०००० वाला घ्या. त्याच एमसीबीवर छोट्या चौकोनात ३ हा आकडा दिसतो, तो ऊर्जा मर्यादेचा वर्ग. वर्ग ३ सगळ्यात कमी ऊर्जा पुढे जाऊ देतो. ६३ अँपिअरच्या साइझला मात्र त्या आकड्यावर विसंबू नका, कॅटलॉगमधला I²t चा आलेखच काढून बघा.

आता फ्यूजचा प्रश्न. फ्यूजच्या बाबतीत गणित जास्त स्वच्छ होते, कारण तिथे लॅच नाही आणि आर्मेचरही नाही. इतक्या कमी वेळात फ्यूजच्या एलिमेंटला उष्णता बाहेर टाकायला सवडच मिळत नाही. म्हणून तो वितळायला ठराविक I²t लागतो, करंट कितीही असो. याला प्री-आर्किंग I²t म्हणतात. खालच्या एमसीबीने पुढे सोडलेला एकूण I²t यापेक्षा कमी असेल तर फ्यूज शाबूत राहतो.

एमसीबीचा I²t मात्र फॉल्ट करंटबरोबर वाढत जातो. त्यामुळे एका आलेखावर आडवी रेषा फ्यूजची आणि चढती रेषा एमसीबीची काढली की ज्या करंटला त्या छेदतात ती तुमची मर्यादा. हा आलेख तुमच्या कन्सल्टंटकडून मागा. त्यात आडव्या अक्षावर करंट आणि उभ्या अक्षावर ऊर्जा असते, वेळ नसते.

तुमची केबल घेऊन करून बघू. आयईसी ६०२६९ मध्ये जीजी, म्हणजे केबलच्या संरक्षणाच्या नेहमीच्या, फ्यूजच्या प्री-आर्किंग I²t च्या सीमा ०.०१ सेकंदासाठी दिल्या आहेत. १६० अँपिअरला कमीत कमी ८६,०००, २०० ला १,४०,००० आणि २५० ला २,५०,००० अँपिअर वर्ग सेकंद. एमसीबीने करंट अजिबात दाबला नसता आणि ७.६ किलोअँपिअर पूर्ण अर्धी सायकल वाहिले असते, तर I²t सुमारे ५,७७,००० झाला असता आणि तिन्ही फ्यूजची किमान सीमा ओलांडली असती. एमसीबी करंट दाबतो म्हणूनच आशा आहे. कॅटलॉगमध्ये ७.६ किलोअँपिअरला ८०,००० मिळाले असे उदाहरणासाठी धरू. मग १६० चा फ्यूज कागदावर टिकतो, पण ८०,००० आणि ८६,००० मध्ये अंतर इतके थोडे आहे की मी त्यावर सही करणार नाही. आधीच्या फॉल्टमध्ये एलिमेंट थोडा थकला असेल किंवा आधीच पूर्ण लोडवर तापलेला असेल तर ते अंतर संपते. २०० ला पावणेदोन पट जागा मिळते, ती मला पुरेशी वाटते.

मग सरळ २५० का नाही? कारण केबल. फ्यूज त्याच्या रेटिंगच्या १.६ पट करंटला ठराविक वेळेत जाणे अपेक्षित असते, आणि केबलला तिच्या क्षमतेच्या १.४५ पटीपेक्षा जास्त ओव्हरलोड दीर्घकाळ सोसायला लावायचा नसतो. १२० स्क्वेअर अॅल्युमिनियम एक्सएलपीई केबल किती अँपिअर सोसते ते ती ट्रेवर आहे, जमिनीत आहे की इतर केबलींच्या गठ्ठ्यात आहे यावर ठरते. २२५ धरले तर फ्यूज २०० पर्यंतच बसतो. त्याच कारणाने तुमच्या २५० च्या एमसीसीबीचा थर्मल नॉबही ०.८ वर, म्हणजे २०० वर हवा. आणि सब पॅनेलचा खरा लोड २०० च्या खाली आहे ना, ते क्लँपने मोजून घ्या.

फ्यूजच्या खाली फ्यूज असेल तर काम आणखी सोपे. ६३ च्या फ्यूजची कमाल सीमा २७,००० आणि १०० ची किमान सीमाही २७,०००. १०० ची कमाल ८६,००० आणि १६० ची किमान तीच. म्हणजे जीजी फ्यूजमध्ये १.६ पटीची पायरी ठेवली की सिलेक्टिव्हिटी जवळजवळ बांधूनच मिळते. एमसीबी आणि फ्यूज यांच्यामध्ये असा कोणताही पटीचा नियम चालत नाही, हे पॅनेलवाल्याला आवर्जून सांगा.

फ्यूजची खरी अडचण वेगळीच आहे. सब पॅनेलच्या केबलमध्येच फॉल्ट झाला आणि तीनपैकी एकच फ्यूज गेला, तर बाकी दोन फेजवर तुमच्या फॅनच्या मोटारी फिरत राहतात आणि तापतात. एक फेज गेली की मोटार बंद करणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर नसेल तर एका फॉल्टपायी चार मोटारींचे रिवाइंडिंग होते. शिवाय रात्री फ्यूज गेला की कपाटात जो हाताला लागेल तो बसवला जातो. आणि एक गेला की तिन्ही बदलायचे असतात, कारण उरलेल्या दोघांनीही जवळजवळ तेवढाच I²t सोसलेला असतो. हे पाळणारा माणूस रात्रपाळीला आहे का, याचे उत्तर तुम्हालाच माहीत.

तुमच्या ठिकाणी मी आधी दुसरा मार्ग बघितला असता: २५० ऐवजी ४०० फ्रेमचा, इलेक्ट्रॉनिक रिलीजचा एमसीसीबी, एमसीबीच्याच मेकचा. ओव्हरलोड सेटिंग ०.५, म्हणजे २०० अँपिअर, त्यामुळे केबल सुरक्षित. फ्रेम मोठी असल्याने त्याचा इन्स्टंटेनियस, म्हणजे ब्रेकर लगेच पाडणारे सेटिंग, बराच वर, ४००० च्या पुढे ठेवता येतो, आणि टेबलमध्ये ६३ च्या एमसीबीसमोर बहुधा मोठा आकडा मिळतो. तो ७.६ च्या वर आहे एवढे लेखी मागा. मात्र इन्स्टंटेनियस वर नेताना केबलच्या टोकाचा सगळ्यात लहान फॉल्ट विसरायचा नाही. तुमच्या साडेतीन कोअर केबलचा न्यूट्रल ७० स्क्वेअरचा. फेज आणि न्यूट्रलमधला फॉल्ट, केबल गरम असताना, सब पॅनेलवर सुमारे ३.३ किलोअँपिअरच भरतो. ४००० च्या इन्स्टंटेनियसला तो दिसणारच नाही. म्हणून थोडे थांबून पाडणारे शॉर्ट टाइम सेटिंग, त्याचा पिकअप ८ पटीवर, म्हणजे १६०० अँपिअरवर, आणि डिले ०.१ सेकंद. तेवढ्या वेळात एमसीबी आपले काम केव्हाच उरकतो, आणि केबलचा फॉल्ट ०.१ सेकंदात सुटतो. ३.३ किलोअँपिअर ०.१ सेकंद म्हणजे सुमारे ११ लाख अँपिअर वर्ग सेकंद. ७० स्क्वेअरचा अॅल्युमिनियम एक्सएलपीई न्यूट्रल ४ कोटींच्या वर सोसतो, तेव्हा तिथे काळजी नाही. खर्च मात्र फ्यूजपेक्षा बराच जास्त, आणि जुन्या पॅनेलच्या कप्प्यात ४०० ची फ्रेम मावत नाही असेही होते. मग २०० चे फ्यूज आणि सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर, हा चांगला पर्याय आहे.

इनकमरला एसीबी, म्हणजे मोठा एअर सर्किट ब्रेकर, असेल तर तिथे हा सगळा खटाटोप लागत नाही. एसीबीला Icw असतो, म्हणजे फॉल्ट करंट ठराविक वेळ अंगावर घेऊन बंद राहण्याची कुवत. म्हणून त्याचा इन्स्टंटेनियस बंद ठेवून ०.२ सेकंदाचा शॉर्ट टाइम डिले देता येतो. तिथे कर्व्ह बघूनच निर्णय होतो, कारण खेळ पुन्हा ०.०१ सेकंदाच्या वर आला. फक्त बसबारच्या फॉल्टमध्ये ते ०.२ सेकंद १४.८ किलोअँपिअरचा आर्क पॅनेलमध्ये जळत राहतो. त्यामुळे चालू पॅनेलवर कोणी काम करणार असेल तर तेवढ्या वेळापुरता इन्स्टंटेनियस चालू करून ठेवा.

पॅनेलवाल्याकडून कोटेशन घेताना एमसीबीचा पूर्ण मॉडेल नंबर, एमसीसीबीचा पूर्ण मॉडेल नंबर, सब पॅनेलवरचा फॉल्ट करंट आणि त्या जोडीच्या टेबलचे पान, या चार गोष्टी एका कागदावर लिहून द्यायला सांगा. आणि काम झाल्यावर सब पॅनेलच्या दाराच्या आतून एमसीबीची मेक आणि मॉडेल चिकटवून ठेवा. दोन वर्षांनी एखादा एमसीबी जळाला की बाजारात मिळेल तो ६३ चा बसवला जातो. कर्व्हवर तो हुबेहूब तसाच दिसतो, पण टेबलमधला आकडा त्याला लागू पडत नाही.